‘जेवणापूर्वी’ म्हणजे नेमके केव्हा? औषधचिठ्ठीवरील दोन अक्षरांत न मावणारी सूचना

नवी दिल्ली : डॉक्टरांचे अक्षर हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विनोदाचा विषय राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो गांभीर्याने घेतला. एका जामीन अर्जाच्या सुनावणीत न्यायालयासमोर आलेला वैद्यकीय अहवाल वाचताच येईना, आणि त्या निमित्ताने न्यायालयाने सुवाच्य औषधचिठ्ठी मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. संगणकावर तयार केलेल्या चिठ्ठ्या रूढ होईपर्यंत डॉक्टरांनी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहावे आणि हे संक्रमण दोन वर्षांत पूर्ण व्हावे, असा निर्देश देण्यात आला. त्याआधी २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेनेही आपल्या नियमांत दुरुस्ती करून औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिण्यास सांगितले होतेच.

अक्षर सुधारल्याने औषधाचे नाव कळेल, मात्राही कळेल. मात्र चिठ्ठीच्या उजव्या कडेला जे लिहिलेले असते, म्हणजे ‘ओडी’, ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एसी’, ‘पीसी’, ‘एचएस’, ‘एसओएस’ किंवा १-०-१ सारखे आकडे, ते छापील अक्षरांतही तितकेच अर्धवट राहते. ही अक्षरे लॅटिन वाक्प्रचारांची आद्याक्षरे आहेत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. (पगारदार वाचकाला टीडीएस म्हटले की वेगळेच काही आठवते, हा भाग निराळा.) एचएस म्हणजे झोपण्याच्या वेळी, एसी म्हणजे अन्नापूर्वी, पीसी म्हणजे अन्नानंतर. सकाळ, दुपार आणि रात्र यांसाठी तीन आकडे मांडण्याची पद्धत भारतात सर्वत्र रूढ आहे. भाषा कोणतीही असो, १-०-१ हे तामिळनाडूपासून काश्मीरपर्यंत कळते, आणि म्हणूनच ती टिकली. ही चिन्हे ‘किती वेळा’ हे सांगतात आणि ‘जेवणाच्या कोणत्या बाजूला’ हे सांगतात. ‘का’ हे सांगत नाहीत, आणि त्या ‘का’वरच ‘नेमके केव्हा’ याचे उत्तर अवलंबून असते.

सर्वांत मोठा घोळ ‘एसी’चा आहे. एक काल्पनिक, पण कोणत्याही शहरातील बाह्यरुग्ण विभागात सहज आढळेल अशी चिठ्ठी घेऊ. साठी ओलांडलेली एक गृहिणी. थायरॉइडची कमतरता, मधुमेह आणि आम्लपित्त असे तिचे तीन आजार. चिठ्ठी टंकलिखित आहे, एकही अक्षर संशयास्पद नाही. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, ओडी, एसी. पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, ओडी, एसी. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, ओडी, एसी. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, बीडी, पीसी. आणि कॅल्शियम कार्बोनेटची गोळी, ओडी, पीसी.

औषध दुकानातून पाकिटांवर ‘जेवणापूर्वी’ आणि ‘जेवणानंतर’ असे लिहून मिळते. ही बाई सुशिक्षित आहे, शिस्तीची आहे. ती सकाळी साडेसातला ‘जेवणापूर्वी’च्या तिन्ही गोळ्या एकत्र, चहाच्या घोटाबरोबर घेते. मग आंघोळ, देवपूजा, घरच्यांचे डबे. न्याहारीला बसेपर्यंत साडेनऊ होतात. न्याहारी झाली की ‘जेवणानंतर’च्या दोन गोळ्या, मेटफॉर्मिन आणि कॅल्शियम. चिठ्ठीतील एकाही अक्षराचे तिने उल्लंघन केलेले नाही. तरीही तिच्या पाच औषधांपैकी निदान दोन बिघडलेली आहेत.

पहिले थायरॉक्सिन. हे औषध आतड्यातून शोषले जाते ते मुळातच अर्धवट, आणि अन्न, चहा, कॉफी वा दूध सोबत असल्यास आणखी कमी. म्हणून ते अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचे आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नाही. येथे ‘एसी’चा अर्थ ‘पोट रिकामे असताना’ असा आहे. पुढे जेवण येते की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नाही. शिवाय कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात, त्यामुळे या दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे लागते. आपल्या उदाहरणातील बाईने थायरॉक्सिन चहाबरोबर घेतले आणि दोनच तासांनी कॅल्शियम. सहा-आठ आठवड्यांनी रक्ततपासणी होते आणि टीएसएच अजूनही वाढलेलेच दिसते. ‘गोळी रोज घेता ना?’ या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे होकार देते. मग मात्रा ५० वरून ७५ होते. पुढे कधीतरी कॅल्शियमचा डबा संपतो, नवा आणायचा राहतो, आणि वाढवलेली मात्रा आता पुरेपूर शोषली जाऊ लागते. छातीत धडधड, घाम, झोप उडणे. डॉक्टरांसाठी हा चढ-उतार कोड्यात टाकणारा असतो, कारण चिठ्ठीत काहीच चुकलेले दिसत नाही.

दुसरे ग्लिमेपिराइड, आणि येथे चूक अधिक तातडीची आहे. हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग रक्तात साखर येत असो वा नसो. म्हणून ते दिवसाच्या पहिल्या मुख्य आहाराच्या अगदी आधी किंवा पहिल्या घासाबरोबर घ्यायचे. येथे ‘एसी’चा अर्थ ‘अन्न नक्की येणार आहे, ताट समोर आहे’ असा आहे. थायरॉक्सिनच्या नेमका उलट. साडेसातला गोळी आणि साडेनऊला न्याहारी यांमधल्या दोन तासांत तिची साखर घसरू शकते. हाताला कंप, थंड घाम, एकाएकी भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची खूण. सकाळची ही अस्वस्थता ‘अशक्तपणा’ म्हणून खपून जाते, कारण न्याहारीनंतर तिला आपोआप बरे वाटते. बरे वाटण्याची ही वेळच खरे तर निदान सांगते. ग्लुकोमीटर घरी असेल तर त्या क्षणी बोटाची तपासणी करावी. आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे साधारण तीन चमचे, घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि हा प्रसंग डॉक्टरांच्या कानावर घालावा.

राहिले पॅन्टोप्राझोल. या गटातील औषधे जठरातील आम्ल तयार करणाऱ्या सूक्ष्म पंपांना बंद करतात. पण पंप चालू असेल तरच त्याला पकडता येते, आणि पंप चालू होतात ते अन्नाच्या चाहुलीने. औषध रक्तात असते तास-दोन तास. म्हणून न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी गोळी घ्यावी, म्हणजे अन्न पोहोचेल तेव्हा औषध हजर असते. गोळी घेऊन दुपारपर्यंत काही न खाणाऱ्याला ‘रोज घेतो तरी जळजळ थांबत नाही’ असे म्हणावे लागते ते यामुळेच.

एकाच चिठ्ठीत एकाच दोन अक्षरांचे असे तीन अर्थ निघाले: पोट रिकामे हवे, अन्न अर्ध्या तासाने हवे, अन्न आत्ता हवे. चौथाही आहे. व्होग्लिबोज हे भारतात सर्रास दिले जाणारे मधुमेहाचे औषध पिष्टमय पदार्थांचे आतड्यातील विघटन लांबवते. ते जेवणाला बसतानाच घ्यायचे. जेवण टळले तर ती गोळी घेण्यात काही अर्थच नाही. त्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही: व्होग्लिबोज आणि ग्लिमेपिराइड दोन्ही घेणाऱ्याची साखर घसरली तर घरातली साखर किंवा गोड पदार्थ लवकर उपयोगी पडत नाहीत, कारण साखरेचे विघटनही त्याच औषधाने रोखलेले असते. तेथे ग्लुकोजची पूडच लागते.

इन्शुलिनच्या बाबतीत तर मिनिटांचा हिशेब आहे. साधे मानवी इन्शुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास, आणि नवे जलद इन्शुलिन पाच ते पंधरा मिनिटे आधी. दोघांच्याही चिठ्ठीवर ‘एसी’ असेच लिहिता येते. एका प्रकारावरून दुसऱ्यावर आणलेला रुग्ण जुन्या सवयीने अर्धा तास थांबला, तर साखर घसरणार हे उघड आहे.

गंमत अशी की हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत, आणि त्यांत निव्वळ रिकाम्या पोटी घेण्याचे ‘अभक्त’ व जेवणाच्या लगेच आधी घेण्याचे ‘प्राग्भक्त’ हे दोन वेगळे धरले आहेत. अन्नात मिसळून, जेवणाच्या मध्ये, घासाबरोबर असे आणखी प्रकार आहेतच. त्या औषधांची आजच्या औषधांशी तुलना करण्याचे कारण नाही. पण ‘एसी’ या दोन अक्षरांत आज जे कोंबले जाते, त्यासाठी निरनिराळे शब्द असणे शक्य आहे, एवढे त्यावरून दिसते. मराठीतही ‘अनशापोटी’ हा शब्द घरोघर वापरात आहे. औषधांच्या पाकिटावर मात्र तो क्वचितच उतरतो.

‘पीसी’ अर्थात जेवणानंतर, या सूचनेबाबत सर्वसाधारण समज असा की औषध ‘गरम’ असते म्हणून पोटाला आधार हवा. काही औषधांच्या बाबतीत हे बरोबर आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी पोटात होणारी जळजळ अन्नाने कमी होते. मेटफॉर्मिनने होणारी मळमळ आणि जुलाबही जेवणाबरोबर घेतल्यास कमी होतात. अशा वेळी दोन बिस्किटांनीही थोडेफार निभते. पण नायट्यासाठी दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोलच्या नेहमीच्या कॅप्सूल पूर्ण जेवणानंतर घ्यायला सांगतात त्याचे कारण वेगळे आहे. ते औषध विरघळण्यासाठी पोटात भरपूर आम्ल लागते आणि ते जेवणाने येते. बिस्किटावर निभावणारा रुग्ण येथे औषधाचा मोठा भाग वाया घालवतो. आणि ‘औषध जड आहे’ म्हणून कोणी त्यासोबत आम्ल कमी करणारी गोळी दिली, तर ज्या आम्लाच्या भरवशावर कॅप्सूल द्यायची तेच काढून घेतले जाते. महिनाभर औषध घेऊनही नायटा पसरतच राहिला, तर औषध बदलण्यापूर्वी हे दोन प्रश्न विचारायला हवेत: काय खाऊन घेता, आणि सोबत आणखी काय घेता.

वेळांच्या संख्येकडे वळले तर ‘बीडी’ची गोष्ट अशीच आहे. दोनदा म्हणजे १-०-१, सकाळ-रात्र, हे समीकरण इतके पक्के झाले आहे की औषध दुकानातही त्याचा वेगळा विचार होत नाही. पायावरची सूज किंवा हृदयाच्या दुर्बलतेसाठी दिले जाणारे फ्युरोसेमाइड दोनदा असले, तर दुसरी गोळी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घ्यायची असते. ती रात्री घेतली की लघवीसाठी दोन-तीनदा उठावे लागते. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत अंधारात उठणे म्हणजे पडणे, आणि पडणे म्हणजे खुब्याचे हाड. छातीतील वेदनेसाठीच्या आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या साध्या गोळ्या तर सात तासांच्या अंतरानेच घ्यायच्या असतात, उदाहरणार्थ सकाळी आठ आणि दुपारी तीन. उरलेला दीर्घ काळ मुद्दाम रिकामा सोडलेला असतो, कारण औषध सतत राहिले तर शरीर त्याला सरावते आणि परिणाम ओसरतो. समान अंतराने घेण्याची दक्षता घेणारा रुग्ण येथे स्वतःचे नुकसान करतो. या दोन्ही औषधांना १-१-० असे लिहिले की प्रश्न बव्हंशी सुटतो. ‘बीडी’ लिहिले की सुटत नाही.

उलट प्रतिजैविकांच्या ‘टीडीएस’मध्ये समान अंतराला महत्त्व आहे. अमॉक्सिसिलिनसारखे औषध रक्तात पुरेशा प्रमाणात किती वेळ टिकते यावर जंतूंचा नाश अवलंबून असतो. १-१-१ हे न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांना जोडले, तर आठ, एक आणि आठ अशा वेळा होतात आणि रात्रीचे बारा तास रिकामे जातात. सात, तीन आणि रात्री अकरा या वेळा मूळ हेतूच्या जवळच्या आहेत. आणि हे औषध अन्नासह वा अन्नाविना चालत असल्याने त्याला जेवणाच्या दावणीला बांधण्याची गरजही नाही. तीन आकड्यांच्या पद्धतीचा हा अंगभूत दोष आहे. ती घड्याळ दाखवत नाही, ताट दाखवते. श्रावणातील सोमवार, एकादशी, रमजानचा महिना असे ताट सरकले की औषधही सरकते, आणि उपवासाचे औषध-वेळापत्रक बहुतेक रुग्ण डॉक्टरांना न विचारता स्वतःच ठरवतात. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने ते आधी विचारूनच ठरवले पाहिजे.

‘एसओएस’ या अक्षरांबद्दल दोन शब्द. बुडत्या जहाजाच्या संकेताशी त्यांचा संबंध नाही. ‘गरज भासल्यास’ एवढाच त्यांचा अर्थ. काही रुग्ण संकटाची खूण समजून ताप १०३ अंशांवर जाईपर्यंत थांबतात, तर काही दर दोन तासांनी ‘गरज भासली’ म्हणून गोळी घेतात. दोष त्यांचा नाही, कारण या सूचनेत खालची मर्यादा नाही आणि वरचीही नाही. पॅरासिटामॉलसाठी ती अशी लिहावी लागेल: दोन मात्रांमध्ये चार ते सहा तास, आणि प्रौढ व्यक्तीने २४ तासांत कमाल ४ ग्रॅम, यकृताचा आजार, मद्यपान किंवा कमी वजन असल्यास त्याहूनही कमी. सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते या बेरजेत धरायचे असते.

न्यायालयाच्या निर्देशानंतर संगणकीय चिठ्ठ्यांकडे वाटचाल होईल, तेव्हा या सूचनांचे काय होईल हा खरा प्रश्न आहे. सॉफ्टवेअरच्या यादीत हीच अक्षरे निवडीसाठी भरलेली असली, तर वाचण्याचा दोष जाऊन समजण्याचा दोष छापील रूपात पक्का होईल. परदेशांतील अनुभव येथे उपयोगी आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून ‘रोज एकदा’साठीचे ‘क्यूडी’ हे लघुरूप वर्ज्य यादीत टाकले, कारण ते दिवसातून चारदा सांगणाऱ्या ‘क्यूआयडी’सारखे वाचले जाई. आपल्याकडील ‘ओडी’ नेत्रचिकित्सेत ‘उजवा डोळा’ या अर्थाने वापरतात. ‘एचएस’ काही ठिकाणी ‘निम्मी मात्रा’ असे वाचले गेल्याने तेही तेथील सुरक्षाविषयक याद्यांत आहे. उपाय एकच सांगितला गेला: पूर्ण शब्द लिहा.

भारतात कायद्याची चौकट याच्या आड येत नाही. औषध नियमावलीनुसार चिठ्ठीवर एकूण किती औषध द्यायचे आणि मात्रा किती हे असावेच लागते, आणि २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णाला औषध कसे घ्यायचे हे समजावून सांगणे औषधनिर्मात्याच्या कामात धरले आहे. प्रत्यक्षात गर्दीच्या वेळी काउंटरवर कात्रीने पट्टी कापली जाते, पाकिटावर पेनाने दोन आडव्या रेघा ओढल्या जातात आणि पुढच्या ग्राहकाचा नंबर लागतो.

आपल्या उदाहरणातील बाईची चिठ्ठी पूर्ण शब्दांत लिहिली तर फार लांबत नाही. थायरॉक्सिन सकाळी सहाला, उठल्याबरोबर, फक्त पाण्यासोबत, चहा सातनंतर. पॅन्टोप्राझोल सातला. ग्लिमेपिराइड साडेसातला न्याहारीचे ताट पुढे आल्यावर. न्याहारी होणार नसेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मेटफॉर्मिन न्याहारी आणि रात्रीच्या जेवणासोबत. कॅल्शियम कार्बोनेट दुपारच्या जेवणासोबत. पाच औषधे, पाच ओळी.

यातल्या कोणत्याही चुकीपेक्षा महागडी ठरणारी चूक मात्र ‘ओडी’ची आहे. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. उदाहरणार्थ अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, एका दिवशी. बाकी सगळी औषधे रोजची असताना ही चिठ्ठीत एका ओळीत बसते, आणि लिहिणाऱ्याच्या, टंकणाऱ्याच्या, देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या सवयीने ‘एकदा’चे ‘रोज एकदा’ होते. तोंडात फोड, ताप, अंगावर निळे-जांभळे डाग ही पहिली लक्षणे. तोवर अस्थिमज्जेचे काम मंदावलेले असते, आणि अशा चुकीतून जगभर मृत्यू झाले आहेत. लक्षणे दिसताच गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. सकाळ-दुपार-रात्र या तीन आकड्यांच्या चौकटीत आठवड्याला जागाच नाही, त्यामुळे तेथे संगणकही मदतीला येत नाही. या एका औषधासाठी अनेक देशांत चिठ्ठीवर आणि वेष्टनावर वाराचे नाव लिहिण्याची पद्धत आहे: दर सोमवारी, आणि इतर कोणत्याही दिवशी नाही.